रात्री न्हाणीतला पांढरा दिवा नको: संध्याकाळपासून घरातला उजेड टप्प्याटप्प्यानं कसा उतरवायचा

फोनचा पडदा पिवळा केला, झोपायच्या खोलीत निळा झिरो बल्ब लावला, तरी साडेअकराशिवाय झोप येत नाही आणि रात्री लघवीला उठलं की तासभर डोळा लागत नाही. अशी तक्रार करणारी घरं बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पुष्कळ आहेत. त्या घरांत रात्री नऊ वाजता गेलं तर चूक लगेच दिसते. सोप्यात पांढरी ट्यूब पूर्ण जोरात चालू असते. दात घासायला सगळे न्हाणीतल्या लख्ख दिव्याखाली पाच-पाच मिनिटं उभे राहतात. रात्री दोनला उठलं की पुन्हा तोच दिवा लागतो. फोन पिवळा करून जे कमावलं, ते इथं जातं.

उजेड कमी करायचा म्हणजे घर अंधारात बुडवायचं, असं मात्र नाही. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला तर झोपेपेक्षा मोठं संकट येतं. म्हणून कोणता दिवा, कुठं, किती वाजता आणि कोणत्या क्रमानं, हे आधी ठरवावं लागतं.

## सुरू करण्याआधी एवढं समजून घ्या

डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींशिवाय आणखी एका जातीच्या पेशी असतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं द्रव्य असतं. बाहेर दिवस आहे की रात्र, ही खबर मेंदूतल्या मुख्य घड्याळाला देणं हे त्यांचं मुख्य काम. त्या सगळ्यात जास्त चेततात निळसर उजेडानं, साधारण ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या. संध्याकाळी असा उजेड डोळ्यांत जात राहिला तर घड्याळ दिवस अजून चालूच आहे असं धरतं. नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी रक्तात वाढू लागणारं मेलाटोनिन मग अडून राहतं आणि झोपेची वेळ पुढं सरकते.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे डोळ्यांपर्यंत पोचणारा उजेड महत्त्वाचा, बल्बचे वॅट नव्हेत. दुसरी म्हणजे रंग आणि जोर दोन्ही बघावे लागतात. बल्बच्या खोक्यावर ६५०० केल्विन किंवा 'कूल डेलाईट' लिहिलेलं असेल तर त्याचा जवळपास सगळा उजेड या घड्याळाला लागू होतो. २७०० केल्विनचा 'वॉर्म' बल्ब तेवढाच प्रखर असला तरी त्याचा परिणाम निम्म्याहून कमी होतो. पण निम्मा म्हणजे शून्य नव्हे. पिवळ्या बल्बनं खोली झगमगवली तर फायदा हातातून जातो.

या क्षेत्रातल्या संशोधकांनी २०२२ साली एकत्र बसून लक्स या उजेडाच्या मापात काही मर्यादा सुचवल्या. झोपण्याच्या आधीचे तीन तास डोळ्यांपाशी १० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, झोपेत १ लक्सपेक्षा जास्त नको, आणि रात्री उठून काही करावंच लागलं तर तेवढ्यापुरते १० लक्सच्या आत राहा. हे लक्स निळसर भागाला जास्त वजन देऊन मोजलेले असतात. म्हणून वॉर्म दिव्याखाली साध्या मोजणीत २० लक्स आले तरी आपण मर्यादेच्या जवळपास असतो.

पुढं येळ्ळूरमधलं आमच्या मावशीचं घर उदाहरणाला घेतलं आहे. मावशी, सत्तरी ओलांडलेले काका, मुलगा, सून आणि एसएसएलसीला बसणारी नात असं ते घर. न्हाणी-संडास मागच्या परड्याला लागून आहे.

## टप्पा १: झोपेची वेळ धरून मागं मोजा

आधी आपण खरोखर किती वाजता झोपतो ते लिहा. झोपायला हवं ती वेळ नको, गेल्या आठवड्यात बहुतेक दिवशी जी होती ती. त्यातून तीन तास वजा करा. ही आपली उजेड उतरवण्याची वेळ.

मावशीच्या घरी झोपायची वेळ दहा, म्हणून उतरवायची वेळ सात. पण सातला कट्ट्यावर भाकऱ्या थापणं चालू असतं आणि तव्यापाशी अंधार करणं धोक्याचं. म्हणून तिथं दोन पायऱ्या केल्या. सातला सोप्यातली ट्यूब बंद करून वॉर्म दिवा लावायचा, आणि जेवण-भांडी आटोपली की साडेआठला स्वयंपाकघरही उतरवायचं. तीन तास पूर्ण साधत नसतील तर शेवटचे दोन तरी कडक पाळा, कारण मेलाटोनिन वाढतं ते त्याच वेळेत.

ही वेळ दिवेलागणीशी बांधू नका. आपल्याकडं हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सातच्या सुमारास, पण घरातलं वेळापत्रक झोपेच्या वेळेवरूनच ठरतं. जो माणूस बाराला झोपतो त्यानं सातपासून मिणमिणत्या उजेडात बसायची गरज नाही. तो कंटाळून आठ दिवसांत सोडून देईल.

नेहमीची चूक: अंथरुणावर पडायच्या दहा मिनिटं आधी दिवे बारीक करणं. तोवर घड्याळाला चुकीची खबर जाऊन बसलेली असते.

## टप्पा २: उजेड डोळ्यांपाशी मोजा

अँड्रॉइड फोनमध्ये लक्स मोजणारं कुठलंही फुकट ॲप चालतं. उजेड ओळखणारा भाग बहुतेक फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. म्हणून फोन डोळ्यांच्या उंचीवर धरायचा आणि पडदा आपल्या नजरेच्या दिशेनं, म्हणजे आपल्यापासून बाहेर, वळवायचा. आकडा वाचायला दुसऱ्याला समोर उभं करा, पण उजेडाच्या वाटेत नको. फोन टेबलावर आडवा ठेवून मोजला तर छतावरच्या दिव्याचा आकडा येतो, डोळ्यांत जाणाऱ्या उजेडाचा येत नाही. ही चूक जवळपास प्रत्येकजण करतो.

मोजायच्या जागा: सोप्यात जिथं बसून टीव्ही बघता ती, जेवायची, नातीच्या अभ्यासाची, न्हाणीत आरशासमोरची आणि अंथरुणावर उशीवरची.

मावशीच्या घरी सोप्यात वीस वॅटची पांढरी ट्यूब होती. तिथं बसल्या जागी ८० लक्सच्या आसपास आले. न्हाणीत फक्त नऊ वॅटचा बल्ब, तरी आरशासमोर दीडशेच्या वर गेलं. घरातल्या कुणालाच हे पटेना. कारण सोपं आहे: चार बाय सहा फुटांची खोली, चारही बाजूंनी पांढऱ्या टाइल्स, वर आरसा. लहान खोलीत सगळा उजेड आपल्यावरच परततो. घरातली सगळ्यात लहान खोली सगळ्यात प्रखर असते, आणि झोपेच्या आधी आणि झोपेच्या मधोमध आपण नेमके तिथंच जातो.

फोनचे आकडे १० लक्सच्या खाली फारसे भरवशाचे नसतात. तिथं 'तरुण भारत'चा अंक हातात धरा. बारीक मजकूर जरा ताण देऊन वाचता येत असेल तर साधारण १० लक्सच्या आसपास आहात. फक्त मोठे मथळे ओळखू येत असतील तर १ लक्सच्या जवळ.

## टप्पा ३: पहिला बदल न्हाणी-संडासात

बहुतेक लोक सोप्यापासून सुरुवात करतात आणि न्हाणी राहून जाते. क्रम उलटा ठेवा. इथला बदल सगळ्यात स्वस्त आहे, आणि हा केला नाही तर बाकीचे टिकत नाहीत.

पांढरा बल्ब काढून टाकायचा नाही. सकाळची आंघोळ, दाढी, साफसफाई आणि पडझड झाली तर मदत, यासाठी तो हवाच. त्याच्या जोडीला दुसरा बारीक दिवा लावायचा आणि रात्री फक्त तो वापरायचा.

हा दुसरा दिवा कसा असावा? अर्धा वॅटचा, नारिंगी किंवा गडद पिवळ्या रंगाचा एलईडी पुरतो. साध्या पिनच्या होल्डरला बसणारे असे बल्ब इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतात. जागा गुडघ्याच्या उंचीला किंवा त्याखाली, आणि बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर बल्ब सरळ नजरेस पडणार नाही अशी. संडासात भांड्याच्या बाजूला, न्हाणीत दाराच्या आतल्या कोपऱ्यात. खाली ठेवलेला दिवा फरशीवर तिरका पडतो, त्यामुळं शहाबादी फरशीवर सांडलेलं पाणी चमकतं आणि दिसतं. छतावरच्या दिव्यात तेच पाणी कधी कधी चुकतं.

लाल की नारिंगी, हा प्रश्न येतोच. घड्याळाच्या दृष्टीनं लाल सगळ्यात निरुपद्रवी. तरी म्हाताऱ्या माणसांच्या घरात मी नारिंगी घ्यायला सांगेन. लाल उजेडात पायरीची कड नीट कळत नाही. शिवाय लघवीत रक्त असलं तर लाल उजेडात ते ओळखू येत नाही, आणि काकांच्या वयाला ते दिसायला हवं.

इशारा: न्हाणीत खाली, पाण्याच्या जवळ, आपल्या हातानं वायर ओढू नका. वायरमनकडून बाहेरच्या बाजूनं पॉइंट काढून घ्या, बटण बाहेर ठेवा. तेवढा खर्च नको असेल तर सेलवर चालणारा छोटा दिवा भिंतीला चिकटवा, पण वॉर्म रंगाचाच.

नेहमीची चूक: माणूस आला की आपोआप लागणारा सेन्सरचा दिवा घेणं आणि त्याचा रंग न बघणं. असे बरेच दिवे कडक पांढरे असतात. रात्री दोनला दार उघडताच तो तोंडावर फुटतो आणि बंद करायची सोयही हाताशी नसते.

तपासणी: रात्री मोठा दिवा न लावता आत जा. भांडं, नळ, बादली, पायरी आणि ओली जागा दिसते का बघा. आरशात चेहऱ्याचा आकार कळतो पण बारकावे कळत नाहीत, एवढा उजेड बरोबर.

## टप्पा ४: अंथरुणापासून न्हाणीपर्यंतची वाट

काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचं सगळं खरं, पण मी पाय कुठं ठेवू?" प्रश्न अगदी योग्य होता. बारीक उजेड हा फक्त एका खोलीचा मामला नाही. वाटेवर अंधार असेल तर माणूस घाबरून मोठं बटण दाबणारच.

डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. झोपेतून उठलेले डोळे आधीच सरावलेले असतात, म्हणून त्यांना थोडका उजेड पुरतो. पण मधेच लख्ख दिवा लावला तर हा सराव मोडतो, आणि दिवा बंद करून परत येताना माणूस अक्षरशः आंधळा चालतो. वय वाढलं की हा सराव परत यायला आणखी उशीर लागतो. म्हणजे न्हाणीतला पांढरा दिवा झोपेपुरताच वाईट नाही, परतीच्या वाटेवर पडायची भीतीही तो वाढवतो. ही गोष्ट सांगितली तेव्हा काका राजी झाले.

वाटेवर दर आठ-दहा फुटांवर एक बारीक वॉर्म दिवा पुरतो. सॉकेटमध्ये खोचायचे, अंधार झाला की आपोआप लागणारे दिवे चांगले, पण घोट्याच्या उंचीच्या सॉकेटमध्ये. मावशीच्या घरी असे दोन लागले: एक पलंगाच्या पायथ्याशी, दुसरा मागच्या दारापाशी. उंबऱ्याच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली. चटया, चपला, पाण्याची घागर वाटेतून उचलून ठेवण्याचं काम सुनेनं रात्रीच्या आवराआवरीत घेतलं.

इशारा, आणि हा फार महत्त्वाचा आहे: संडास घराबाहेर, परड्यात असेल तर बारीक उजेडाचा नियम अंगणात लागू नाही. खानापूर भागात आणि शेतावरच्या घरांत तर मुळीच नाही. पावसाळ्यात मण्यार, घोणस, नाग वाटेवर असू शकतात. हातात चांगली प्रखर बॅटरी घ्या, पायात चप्पल घाला, झोत पायांपुढं जमिनीवर ठेवा. जमिनीवर पडलेला उजेड डोळ्यांत थोडाच येतो. बॅटरी भिंतीवर किंवा तोंडासमोर धरू नका. संडासात पोचलात की बॅटरीनं आतली जमीन आणि कोपरे बघून घ्या, मग ती बंद करून बारीक दिव्यावर बसा.

## टप्पा ५: सोपा, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली

सोप्यात छतावरच्या ट्यूबला पर्याय म्हणून पाच वॅटचा २७०० केल्विनचा एक बल्ब घ्या. तो कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या खाली, कापडी किंवा बांबूच्या झाकणाआड ठेवा किंवा भिंतीकडं तोंड करून ठेवा. मावशीच्या घरी एवढ्यानं ८० चे १० लक्स झाले, आणि तेही वॉर्म रंगाचे. पहिल्या दोन दिवशी सगळ्यांना घर ओसाड वाटलं. ही सवयीची गोष्ट आहे. ती सोपी जावी म्हणून एकदम न उतरता आधी सातला, मग साडेआठला असं उतरायचं.

पंख्याचा रेग्युलेटर किंवा जुना डिमर लावून साधा एलईडी बारीक करू नका. तो लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर जातो. डिमर हवाच असेल तर खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेला बल्ब आणि एलईडीला चालणारा डिमर, दोन्ही घ्यावे लागतात. त्यापेक्षा दोन वेगळे दिवे आणि दोन बटणं हा मार्ग स्वस्त आणि टिकाऊ.

स्वयंपाकघरात कट्ट्यावर सुरी आणि गॅस चालू असेपर्यंत उजेड कमी करू नका. फक्त तो कट्ट्यावर पडू द्या. मांडणीच्या खालच्या बाजूला वॉर्म पट्टी लावली तर हातावर भरपूर उजेड पडतो आणि डोळ्यांत कमी जातो. मग छतावरची ट्यूब सातलाच बंद करता येते.

नातीचा अभ्यास दहापर्यंत चालतो. तिच्यासाठी झाकणाचा टेबल-दिवा, वॉर्म बल्ब, उजेड वहीवर आणि बल्ब नजरेआड. खोलीतला मोठा दिवा बंद. मुलांच्या डोळ्यांतलं भिंग स्वच्छ असतं आणि बाहुल्या मोठ्या असतात, म्हणून तोच उजेड आजोबांपेक्षा नातीच्या घड्याळाला जास्त लागतो. काकांच्या वयात भिंग पिवळसर होऊन निळसर उजेड आतच कमी पोचतो, पण दिसायला मात्र जास्त उजेड लागतो. एकाच घरात दोघांना एकच नियम लावला तर कुणाचं तरी नुकसान होतं. नातीचा दिवा डोळ्यांआड ठेवायचा आणि काकांच्या पायाखाली उजेड वाढवायचा, असा तोडगा काढला.

झोपायच्या खोलीतला निळा किंवा हिरवा झिरो बल्ब काढा. घड्याळाला चेतवायला जो रंग लागतो तोच आपण रात्रभर जळत ठेवतो. दिवा हवाच असेल तर लाल किंवा नारिंगी, पलंगाच्या उंचीखाली. रस्त्यावरचा पांढरा दिवा खिडकीतून उशीवर पडत असेल तर जाड पडदा लावा. तो जमला नाही तर उशीची बाजू बदला.

तपासणी: साडेआठनंतर प्रत्येकाच्या बसायच्या जागेवरून चारी दिशांना बघा. कुठूनही उघडा पेटता बल्ब दिसत असेल तर तो झाका किंवा हलवा.

## टप्पा ६: उजेडाची कामं आधी उरका

बल्ब बदलले तरी संध्याकाळच्या कामांचा क्रम जुनाच राहिला तर फरक पडत नाही. मी हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा मानते.

ज्या कामांना खरोखर लख्ख उजेड लागतो त्यांची यादी करा आणि ती उतरवायच्या वेळेआधी ढकला. मावशीच्या घरी ती अशी निघाली: काकांच्या गोळ्या डबीत भरणं, साखर तपासणं, उद्याच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री, तांदूळ निवडणं, मुलाची दाढी. हे सगळं सहा ते सातमध्ये बसलं. इस्त्री आधी साडेनऊला व्हायची, ट्यूबखाली उभं राहून. तेवढ्या एका कामासाठी अख्खा सोपा रात्री उजळायचा.

दात घासणं आणि तोंड धुणं यांना लख्ख दिवा लागत नाही, म्हणून ती न्हाणीतल्या बारीक दिव्यावर. ज्याला आरशात बघूनच घासायची सवय आहे त्यानं जेवण झाल्यावर लगेच घासावेत.

टीव्ही आणि फोन यांच्याबद्दल थोडक्यात: सात-आठ फुटांवरच्या टीव्हीपेक्षा छतावरची ट्यूब बहुतेक घरांत जास्त उजेड देते. म्हणून ट्यूब चालू ठेवून टीव्ही बंद करणं उलटं आहे. फोन तोंडाजवळ असतो, त्याची प्रखरता अगदी खाली आणा. नुसता पिवळा रंग करून प्रखरता पूर्ण ठेवली तर अर्धंच काम होतं.

इशारा: गोळी, इन्सुलिन, बाळाचं औषध बारीक उजेडात कधीही घेऊ किंवा देऊ नका. त्या वेळी मोठा दिवा लावा, काम करा, बंद करा. चुकीच्या गोळीपेक्षा दोन मिनिटांचा उजेड परवडतो.

## टप्पा ७: रात्री उठल्यावर काय करायचं

उठल्यावर एक मिनिट पलंगाच्या कडेला बसा. म्हाताऱ्या माणसाला एकदम उठल्यावर चक्कर येते, आणि तेवढ्यात वाट दिसू लागते. वाटेवरच्या दिव्यांनी न्हाणीपर्यंत जा. मोठं बटण दाबू नका. त्या बटणावर बोटभर चिकटपट्टी लावून ठेवली तर झोपेत हात आपोआप तिथं जात नाही. परत येताना भिंतीवरच्या घड्याळाकडं आणि फोनकडं बघू नका. वेळ बघितली की हिशोब सुरू होतो आणि फोनचा पडदा डोळ्यांत जातो तो वेगळाच.

एखाद्या रात्री चुकून मोठा दिवा लागला तर काळजी करू नका. मिनिटभराच्या उजेडानं रात्र वाया जात नाही. त्रास होतो तो रोज, दोन-दोनदा, पाच-दहा मिनिटं त्याच दिव्याखाली बसल्यानं. मध्यरात्रीच्या आसपासचा उजेड घड्याळाला मागं ढकलतो, म्हणजे पुढच्या रात्रीची झोपही उशिरा येते. उठायच्या नेहमीच्या वेळेच्या आधी दोन-तीन तासांपर्यंत हा परिणाम असाच राहतो, त्यानंतर उलटा होतो. पहाटे पाचला उठून देवपूजा करणाऱ्यांनी दिवे लावायला म्हणूनच हरकत नाही.

## टप्पा ८: दिवसाचा उजेड वाढवा

दिवसभर दुकानाच्या आतल्या भागात किंवा मागाच्या शेडमध्ये अर्ध्या अंधारात काम करणाऱ्याला संध्याकाळचा उजेड जास्त बाधतो. दिवसा डोळ्यांपाशी निदान २५० लक्स असावेत असं वर सांगितलेल्या शिफारशीतच आहे. खोलीत तेवढे क्वचित मिळतात, बाहेर ढगाळ हवेतही हजारोंनी मिळतात. सकाळी अर्धा तास अंगणात किंवा गच्चीवर बसून चहा, पेपर, भाजी निवडणं एवढं पुरतं. सूर्याकडं बघायचं नाही.

## कशानं फायदा होणार नाही

दोन आठवडे नीट पाळलं की झोप आपणहून थोडी आधी येऊ लागते आणि रात्री उठल्यावर परत डोळा लवकर लागतो. मावशीच्या घरी नातीला फरक आधी जाणवला, काकांना उशिरा. काका रात्री उठायचे थांबले नाहीत, कारण उठण्याचं कारण उजेड नव्हतंच. रात्री दोनदा-तीनदा लघवीला जावं लागत असेल तर साखर, प्रोस्टेट, पायांची सूज किंवा संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी यांपैकी काहीतरी कारण असू शकतं. ते डॉक्टरांनाच दाखवावं लागतं, आणि गोळीची वेळ स्वतःच्या मनानं बदलायची नाही. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडणं यांवरही दिवे बदलून काही होत नाही.

वडगाव, खासबागकडं मागावर रात्रपाळी करणाऱ्यांना आणि रात्रीच्या थ्री फेजवर पाणी पाजायला शेतात जाणाऱ्यांना हे घड्याळाचे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. कामाच्या जागी त्यांना पुरेसा उजेड हवाच, मागात बोट जाता कामा नये. त्यांनी झोपेच्या आधीचे दोन-तीन तास, ते सकाळचे का असेनात, आपली संध्याकाळ समजावी. घरी आल्यावर बारीक दिवे लावावेत आणि झोपायची खोली जाड पडद्यानं काळोखी करावी.

## करंट जातो तेव्हा

आपल्याकडं ही गोष्ट राहून जाते आणि सगळी मांडणी एका रात्रीत कोसळते. संध्याकाळी करंट जातो, लोक कंटाळून झोपतात, ट्यूबचं बटण चालूच राहतं. रात्री दोनला करंट येतो आणि अख्खं घर उजळून निघतं. म्हणून करंट गेला की आधी सगळी मोठी बटणं बंद करायची. हे काम घरातल्या एकाच माणसाकडं द्या, म्हणजे 'दुसऱ्यानं केलं असेल' असं होत नाही.

रंग बदलणारे 'तीन रंगांत एक' बल्ब घेतले असतील तर घरी आणल्या दिवशीच एक चाचणी करा. बल्ब वॉर्म रंगावर ठेवा, बटण बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा लावा. काही बल्ब पांढऱ्यावर परततात. असा बल्ब सोप्यात चालेल, पण न्हाणीत आणि वाटेवर नको. तिथं एकाच रंगाचा साधा बल्ब घ्या. करंट गेल्यावर आपोआप पेटणारा चार्जिंगचा बल्ब बहुधा पांढरा आणि कडक असतो. तो न्हाणीत लावू नका, स्वयंपाकघरात ठेवा आणि झोपताना त्याचं बटण बंद आहे ना, ते बघा. वाटेवरचे सॉकेटचे दिवे करंट गेला की विझतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी, नेहमी एकाच जागी, एक छोटी बॅटरी असू द्या आणि तिच्या काचेवर पिवळा जिलेटीन कागद रबरानं बांधून ठेवा. ही बॅटरी घरातल्या घरात वापरायची, परड्यात जायची प्रखर बॅटरी वेगळी, मागच्या दाराशी खिळ्याला अडकवलेली.